दहा अंकांचा दादरा

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ आणि शून्य. हे दहा शब्द एकदा मोठ्यानं म्हणा आणि शाळेत शिकवलेली लघु-गुरूची रीत लावून त्यांच्या मात्रा मोजा. ‘एक’मधला ‘ए’ दीर्घ, म्हणून दोन मात्रा, आणि ‘क’ची एक. झाल्या तीन. ‘दोन’च्या तीन, ‘चार’च्या तीन. ‘सहा’मध्ये आधी लघु मग गुरू, तरी बेरीज तीनच. ‘नऊ’चंही तसंच. ‘शून्य’ हा जोडाक्षरी शब्द वेगळा निघेल असं वाटतं, पण ‘शू’च्या दोन आणि ‘न्य’ची एक, म्हणजे पुन्हा तीन. मराठीतला एकही अंक या मापाबाहेर जात नाही.

म्हणून कुणाचाही दहा आकडी मोबाइल नंबर मराठीत एकेक अंक करून म्हटला की त्याच्या बरोबर तीस मात्रा होतात. नंबर कुठलाही असो, तो एकाच चालीत बसतो. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवते आणि लहान मुलांना आईचा किंवा बाबांचा नंबर पाठ करून देते. ही गोष्ट लक्षात आली तेव्हापासून माझी शिकवण्याची पद्धतच बदलली. त्याआधी मी प्रत्येक मुलासाठी वेगळी चाल शोधत बसायचे.

गर्दीत हरवलेल्या मुलाला नाव विचारलं तर तो बहुतेक वेळा सांगतो. आईचं नाव विचारलं तर ‘आई’ म्हणतो, कारण त्याच्यासाठी तिचं नाव तेच असतं. घर कुठे विचारलं तर ‘मंदिराच्या पलीकडे’ म्हणतो. यातली एकही गोष्ट समोरच्या माणसाच्या उपयोगाची नसते. दहा अंक मात्र कुठल्याही स्टेशनवर, कुठल्याही जत्रेत, कुणाच्याही हातातल्या फोनवर लावता येतात. अडचण एवढीच की चार-पाच वर्षांच्या मुलाला एका दमात ऐकलेले साधारण चारच अंक धरून ठेवता येतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये लिहिलेला एक लेख प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाची तात्पुरती आठवणही सातच्या आसपास थांबते, असं त्यात म्हटलं होतं. पुढे जायचं तर सुट्या गोष्टींच्या जुड्या बांधाव्या लागतात. ताल नेमकं हेच करतो. तो दहा सुटे अंक दोन जुड्यांत बांधून देतो.

आपल्याला हे काही नवं नाही. आपल्या आज्या-पणज्या पावकी, निमकी, औटकी सुरात म्हणायच्या. त्यांतल्या कितीतरी जणींना साडेतिनाचा पाढा मधूनच विचारला तर सांगता यायचा नाही, पण पहिल्यापासून सूर धरला की अडखळायच्या नाहीत. या सवयीत एक ताकद आहे आणि एक दुबळेपणाही आहे. दुबळेपणाकडे मी पुढे येते.

आता दादरा. तबल्याचा अगदी प्राथमिक वर्ग केलेल्यांनाही तो माहीत असतो : सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग, ‘धा धीं ना, धा तीं ना’. अंगणात झोका घेताना, बाळाला मांडीवर हलवताना आपसूक येणारी लय याच्या जवळची असते. एका भागात एक अंक, म्हणजे एका आवर्तनात दोन अंक. पाच अंकांची एक ओळ केली तर पंधरा मात्रा होतात आणि सहावा भाग मोकळा राहतो. त्या मोकळ्या जागी मी टाळी ठेवते. पाच अंक आणि एक टाळी, पुन्हा पाच अंक आणि एक टाळी.

टाळी शोभेसाठी नाही. सगळ्या पद्धतीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच टाळी. मुलानं एक अंक गाळला तर टाळी लवकर पडते. एक अंक जास्त घेतला तर टाळीच्या जागी तोंडात अंक असतो. ऐकणाऱ्याला तर हे कळतंच, पण आठ-दहा दिवसांनी मुलालाही कळायला लागतं. ते स्वतःच थांबतं, चेहरा वाकडा करतं आणि पहिल्यापासून सुरू करतं. नुसत्या पाठांतरात नऊच अंक म्हटले गेले हे चार वर्षांच्या मुलाला समजायला काही मार्ग नसतो, कारण म्हणता म्हणता मोजणं त्याला जमत नाही. तालात त्याला मोजावं लागत नाही. हात मोजतात.

तिसऱ्या मात्रेचाही एक उपयोग आहे, तो मला बराच उशिरा उमगला. चार, पाच, सात आणि आठ हे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहा. चारही शब्दांत ‘आ’ आहे. फरक आहे तो व्यंजनांत, आणि गोंगाटात सगळ्यात आधी बुडतात ती व्यंजनंच. मुलांच्या तोंडी अदलाबदल होते तीही बहुधा या चार अंकांचीच. ‘सात’ला ‘आठ’ होतो, ‘चार’ला ‘पाच’ होतो. दादऱ्यात म्हणताना ‘सा’वर दोन मात्रा जातात आणि ‘त’ला तिसरी मात्रा स्वतःची मिळते. ‘साऽत, आऽठ, पाऽच.’ शेवटचं अक्षर गिळायला जागाच उरत नाही. म्हणून मी मुलांना ‘सा-आ-त’ असं तीन बोटं मांडीवर वाजवत म्हणायला लावते. तिसरं बोट शेवटच्या अक्षरावर पडलंच पाहिजे.

हे सगळं एका मुलीवर कसं घडलं ते सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तेव्हा साडेचार वर्षांची. तिला इथे चिऊ म्हणू. खरा नंबर छापता येत नाही, म्हणून एक बनावट घेते, तोही ५ ने सुरू होणारा. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतात, त्यामुळे हा कुणाच्या मोबाइलचा असणार नाही. समजा नंबर आहे ५०७७३ ९६२४१. गाणं असं झालं :

पाच, शून्य, सात, सात, तीन (टाळी)
नऊ, सहा, दोन, चार, एक (टाळी)
फोन करा, मीच तिची लेक (टाळी)

तिसऱ्या ओळीतही प्रत्येक शब्द तीन मात्रांचा आहे, म्हणून ती त्याच मापात बसते. ती ओळ दोन कामं करते. समोरच्याला काय करायचं ते सांगते, आणि ‘लेक’ हा शब्द ‘एक’शी जुळत असल्यामुळे शेवटचा अंक पक्का करतो. चिऊ कधी घाईत शेवटी ‘दोन’ म्हणाली तर पुढचं ‘लेक’ तिला खटकायचं. यमक फक्त ज्या अंकाशी जुळतं त्याचीच राखण करतं, बाकीच्या नऊ अंकांची नाही, पण शेवटचा अंक सुटण्याची भीती जास्त असते म्हणून ते तिथेच ठेवावं. मुलगा असेल तर ‘मीच तिचा लेक’ म्हणता येतं, मात्रा बदलत नाहीत. नंबर दुसऱ्या अंकावर संपत असेल तरी मराठीत शब्दांना तोटा नाही. दोनला फोन, सातला हात, पाचला नाच, आठला गाठ, चारला दार, सहाला पहा, नऊला मऊ. शून्याला मात्र चांगलं यमक मला आजवर मिळालेलं नाही. तिथे मी शेवटच्या अंकावर दोन टाळ्या घेते.

चालीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची. नवी चाल बांधू नका. मुलाच्या कानात आधीच मुरलेली चाल घ्या, मग ती अंगाईची असो, शाळेतल्या प्रार्थनेची असो किंवा रोज रात्री आजी गुणगुणते ती असो. अमेरिकेत वांडा वॉलेस नावाच्या संशोधिकेनं १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे दिसलं होतं की चाल पुन्हा पुन्हा ऐकून ओळखीची झाली तरच ती शब्द आठवायला मदत करते. चाल एकदाच कानावर पडली तर तिचा फायदा मिळत नाही. कारण समजण्यासारखं आहे. अनोळखी चाल हीसुद्धा लक्षात ठेवायची आणखी एक गोष्टच होते. चिऊसाठी आम्ही तिच्या झोपेच्या गाण्याची चाल घेतली आणि तिला फक्त शब्द शिकायचे राहिले.

पहिले चार दिवस फक्त पहिली ओळ. सकाळी दात घासल्यावर, दुपारी जेवताना आणि रात्री अंथरुणात, प्रत्येक वेळी तीन-चारदा, त्याहून जास्त नाही. दिवसातून एकदाच वीस वेळा म्हणण्यापेक्षा असं विखरून म्हटलेलं जास्त टिकतं. पहिली अडचण ‘सात सात’पाशी आली. शेजारी शेजारी आलेला तोच अंक मुलांना नीट धरता येत नाही. चिऊ कधी एकच सात म्हणायची आणि टाळी लवकर पडायची. कधी लय लागली की तीन सात म्हणायची. ‘डबल सात’ म्हणून पाहिलं तर घोळ वाढला, कारण ‘डबल’ म्हणजे काय हे तिला कळत नव्हतं, आणि तालातही तो शब्द बसेना. शेवटी पहिल्या सातला उजवा हात उजव्या गुडघ्यावर आणि दुसऱ्याला डावा हात डाव्या गुडघ्यावर, असं केलं. दोन गुडघे, दोन सात. दोन दिवसांत ते बसलं.

पाचव्या दिवशी दुसरी ओळ घेतली, तीही एकटी. ‘नऊ’ आणि ‘सहा’ हे दोनच अंक असे आहेत की त्यांत लघु आधी येतो. बाकीचे आठ अंक जोर देऊन सुरू होतात आणि हे दोन हलके सुरू होऊन मागे वजन टाकतात. त्यामुळे मुलं हे दोन अंक पटकन उरकतात. चिऊ ‘नऊसहा’ एका दमात एकाच भागात कोंबायची आणि मग पुढचं सगळं एका घरानं पुढे सरकायचं. ‘नऊऽ’ आणि ‘सहाऽ’ असं शेवटच्या स्वरावर थोडं रेंगाळायला शिकवलं की ते सुटतं.

नवव्या दिवशी दोन ओळी जोडल्या आणि गाणं मोडलं. हे जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाबतीत होतं. दोन्ही ओळी वेगवेगळ्या पाठ असतात, पण पहिल्या टाळीनंतर कुठे जायचं ते माहीत नसतं, म्हणून मूल पुन्हा पहिल्याच ओळीवर जातं. सगळं गाणं पुन्हा पुन्हा म्हणून हा सांधा जुळत नाही, तो वेगळा काढून घोटावा लागतो. ‘सात, तीन, टाळी, नऊ, सहा.’ एवढाच तुकडा आम्ही दोन दिवस म्हटला. मग पूर्ण गाणं एका फटक्यात आलं.

बाराव्या दिवशी घरच्यांना वाटलं की झालं. मला खरी काळजी इथून पुढे वाटते. चिऊ गाणं म्हणत होती, पण ते तिच्या लेखी गाणं होतं, आईचा नंबर नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिला सहज विचारलं, ‘आईचा नंबर काय गं?’ तर ती गप्प. तिला गाणं येतं आणि तिला प्रश्न विचारलाय या दोन गोष्टींचा तिच्या डोक्यात काही संबंधच नव्हता. ही आमची चूक होती. आम्ही प्रत्येक वेळी ‘चल, गाणं म्हणू’ म्हणून सुरुवात करत होतो. हरवलेल्या मुलाला कुणी ‘गाणं म्हण’ असं सांगणार नाही. त्याला विचारतील, ‘नंबर माहितीये का?’ किंवा ‘आईला फोन लावायचा?’ म्हणून त्या दिवसापासून गाण्याच्या आधी नेहमी प्रश्न आला. कधी मराठीत, कधी हिंदीत, कधी ‘मम्मी का नंबर बताओ’ असा, कधी नुसतं ‘फोन नंबर?’ इतकंच. प्रश्न हा गाण्याचाच पहिला भाग झाला पाहिजे, तबल्यावर गाण्याआधी पडणाऱ्या ठेक्यासारखा.

आता तो पाढ्यांचा दुबळेपणा. सुरात पाठ केलेली गोष्ट मधून सुरू करता येत नाही. फोन हातात घेतलेला माणूस तीन अंक दाबतो आणि म्हणतो, ‘थांब थांब, तीननंतर काय?’ मूल तिथून पुढे जाऊ शकत नाही. ते बावरतं. त्यावर उपाय म्हणून मूल मधून सांगायला शिकेल याची वाट पाहू नये, त्या वयात ते अवघड आहे. त्याऐवजी मुलाला एक वाक्य शिकवावं : ‘मी परत पहिल्यापासून म्हणते, तुम्ही लिहा.’ चिऊला हे वाक्य नंबराइतकंच घोटून पाठ करून दिलं. आणि मोठ्यांनीही हे लक्षात ठेवावं. असं मूल समोर आलं तर त्याला मध्ये तोडू नका, पूर्ण म्हणू द्या, ते म्हणत असताना कागदावर लिहा आणि मगच फोन लावा.

वेगही बेतून ठरवावा लागतो. साधारण एका सेकंदाला एक अंक, म्हणजे टाळ्यांसकट तिन्ही ओळींना अठरा सेकंद. मुलं गाणं पक्कं झालं की ते पळवतात. चिऊनं ते सहा-सात सेकंदांत म्हणून दाखवलं आणि काकूंच्या कागदावर आठच अंक आले. मग आम्ही तिला मांडीवर तीन बोटं वाजवल्याशिवाय अंक म्हणायचाच नाही असं बंधन घातलं. बोटं जिभेला आवरतात.

खरी परीक्षा अशी घ्यावी. आई घरातल्या दुसऱ्या खोलीत. शेजारच्या काकू मुलाला विचारतात, कागदावर लिहितात, स्वतःच्या फोनवरून नंबर लावतात. आतल्या खोलीत आईचा फोन वाजतो. चिऊच्या घरी हे पहिल्यांदा झालं तेव्हा ती दचकली आणि मग धावत आईपाशी गेली. त्या एका क्षणात तिला कळलं की आपल्या गाण्यानं आईचा फोन वाजतो. त्याआधीचे सोळा दिवस आम्ही तिला जे समजावत होतो ते तिला त्या वाजलेल्या फोननं समजावलं. त्यानंतर परीक्षा कठीण करत गेलो : बागेत पळून धाप लागलेली असताना, भाजीबाजारात, तिच्यावर कुणी रागावल्यानंतर लगेच. रडता रडता ती पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा नाही. रडताना श्वास तुटतो आणि शब्द तुटतात, पण हाताची लय बऱ्याचदा चालू राहते आणि तिच्या आधारानं शब्द परत येतात.

दोन-दोन अंकांच्या जोड्या करून नंबर सांगण्याची आपल्या मोठ्यांची सवय मुलांच्या बाबतीत पूर्ण सोडावी लागते. मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना आधी तीन येतो, मग पन्नास. लिहिताना आधी पाच. मुलाला ‘त्रेपन्न’ ऐकून ‘तीन पाच’च म्हणावंसं वाटणार. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीनं ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. मंगला नारळीकर यांच्या समितीला ती रीत का सुचवावीशी वाटली हे बालवाडीत रोज दिसतं. ते वादातलं मत बाजूला ठेवलं तरी फोन नंबरापुरतं उत्तर सोपं आहे : एकेक अंक, सुटा, पूर्ण.

भाषेचा प्रश्न जरा वेगळा आहे. इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत जाणारी बरीच मुलं ‘नाइन, सिक्स, टू’ असंच मोजतात. त्यांना मराठी अंक नव्यानं शिकवून मग गाणं शिकवणं म्हणजे दुप्पट काम. मूल ज्या भाषेत सहज मोजतं ती भाषा घ्यावी. दादरा तरीही चालतो, कारण प्रत्येक अंकाला तीन मात्रांचं घर दिलेलं आहे. ‘सेव्हन’ आणि ‘झीरो’ही त्यात मावतात, फक्त मराठी अंकांसारखे ते आपसूक बसत नाहीत, थोडे ताणून-आवरून घ्यावे लागतात. आणि घर बंगळुरूला असेल किंवा तिरुपतीला दर्शनाला जायचं असेल तर मराठी ‘नऊ’ समोरच्याला कळेलच असं नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतही गाणं तिथल्या भाषेतच हवं. अमेरिकेतही नंबर दहाच अंकी असतो, पण तिथे तीन, तीन आणि चार अशी फोड करतात. तिथल्या माणसाच्या कानाला ज्या फोडीची सवय आहे, तीच गाण्यात घ्यावी.

कुणाचा नंबर शिकवायचा? एकच, आणि अनोळखी नंबरावरून आलेला फोन जो उचलतो त्याचा. हा मुद्दा छोटा वाटतो, पण यातच घात होतो. अनेक जण अनोळखी नंबर बघितला की फोन कापतात, किंवा गर्दीत फोन पर्समध्ये मुका ठेवतात. दोन नंबर शिकवायचा मोह टाळावा. एकाच मापात बसणारे दोन नंबर एकमेकांत मिसळतात, पहिली ओळ आईची आणि दुसरी बाबांची होते, आणि टाळ्या जागेवर पडत असल्यामुळे कुणाला चूक कळतही नाही. तालाची मर्यादा ही आहे : अंक गळला तर तो सांगतो, अंक बदलला तर सांगत नाही. म्हणून दर महिन्याला एकदा काकूंकडून कागदावर लिहून घ्यायची परीक्षा चालू ठेवावी लागते.

तीन वर्षांच्या मुलाला हे जमेल का, असं मला नेहमी विचारतात. गाणं जमेल, नंबर नाही. तो सूर धरून काहीतरी म्हणेल, पण त्यात अंक एकमेकांत विरघळलेले असतील. अशा मुलासाठी, आणि खरं तर गर्दीत जाताना प्रत्येकच मुलासाठी, मनगटाच्या आतल्या बाजूला पेनानं नंबर लिहावा. घाबरलेलं मूल गोठून जातं, तोंड उघडतच नाही. असं झालं तर पेनानं लिहिलेला नंबर कामाला येतो.

नंबर कुणाला सांगायचा हेही गाण्याबरोबर शिकवलं पाहिजे, नाहीतर मूल लिफ्टमध्ये भेटेल त्याला तो ऐकवत बसेल. चिऊला सांगितलेलं इतकंच होतं : आई दिसेनाशी झाली तर जिथे आहेस तिथेच उभी राहा, आणि पोलीस, तिकीट खिडकीवरचे काका किंवा सोबत लहान मूल असलेली बाई दिसली तर त्यांनाच गाणं म्हणून दाखव. मोठ्यांना असं मूल सापडलं आणि नंबर मिळाला नाही तर १०९८ लावावा. १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली ही मुलांची हेल्पलाइन आता देशभर चालते. नंबर उलट मोजणीचा आहे : दहा, नऊ, आठ. मात्रा मोजल्या तर तिन्ही शब्द तीन-तीन मात्रांचेच भरतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या आईच्या गाण्यानंतर हेही शिकवता येतं. गाडीत किंवा फलाटावर रेल्वेचा १३९ आहे. हरवलेलं मूल सापडल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांना, हेल्पलाइनला किंवा बालकल्याण समितीला कळवणं २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं बंधनकारक आहे, म्हणून ‘आपणच शोधू’ म्हणून मुलाला घेऊन फिरत बसू नये.

गेल्या वर्षी चिऊच्या आईचा नंबर बदलला. माझी बहीण म्हणाली, त्याच गाण्यात नवे अंक घालूया. मी नको म्हटलं. त्याच चालीत नवे अंक घातले की जुने अंक मधून मधून डोकं वर काढतात, आणि दोन ओळी जुन्या-नव्या मिळून तिसराच नंबर तयार होतो. चाल बदलली, टाळीऐवजी चुटकी घेतली, शेवटची ओळही बदलली. नवा नंबर दोनवर संपत होता, म्हणून शेवट झाला, ‘हाच बघा आईचा फोन’. ‘आईचा’ सहा मात्रांचा, म्हणजे दोन घरांचा, बाकीचे तीन शब्द एकेका घराचे. चिऊ आता सहा वर्षांची आहे, तिला हे गाणं पाच दिवसांत आलं. जुनं गाणं मात्र ती अजून बाहुलीला झोपवताना म्हणते. म्हणून आम्ही तिला विचारताना ‘आईचा आत्ताचा नंबर’ असं म्हणतो, आणि ती आधी चुटकी वाजवून मग सुरू करते.